सात बेटे कोणी मोजली, आणि कोणत्या वेळेला?

‘मुंबई मुळात सात बेटांची होती’ हे वाक्य आपण इतक्या सहजतेने लिहितो, जणू कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम यांच्या कडा कोणी कायमच्या आखून दिल्या होत्या. माझा या वाक्याला आक्षेप आहे. सात हा भरतीचा आकडा आहे. ओहोटीला यांतील काही बेटांमध्ये पाण्याऐवजी चिखल उरे आणि माणूस पायी पलीकडे जाई.

हा शब्दच्छल वाटत असेल, तर १६६५ साल पाहा. १६६१च्या विवाह-तहाने पोर्तुगालने ‘मुंबई बेट’ इंग्लंडच्या राजाला दिले होते. पण बेट म्हणजे नेमके कुठपर्यंत? ताबा घेणाऱ्या हंफ्री कुकने माहीमही बळकावले. त्याचा युक्तिवाद असा की, ओहोटीला मुंबईहून माहीमला चालत जाता येते, म्हणून दोन्ही एकच बेट. पोर्तुगीज विजरई आंतोनियो द मेलो द कास्त्रो याने यावर आपल्या राजाला जे कळवले, ते मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत तल्लख उत्तर वाटते: हे मान्य केले तर ओहोटीला मुंबईहून साष्टीलाही जाता येते, आणि तेथून पुढेही, मग उत्तरेकडील आपला मुलूख कोणत्या हक्काने राखायचा? दोघेही तीच जमीन पाहत होते. एकाने ओहोटीला मोजले, दुसऱ्याने भरतीला. माहीम मात्र इंग्रजांकडेच राहिले.

गंमत अशी की, १९८२च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराने विजरईचाच निकष उचलला आहे: भरतीच्या वेळीही पाण्यावर राहणारा, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला, निसर्गनिर्मित भूभाग म्हणजे बेट. पण किमान आकार किती, हे त्यात सांगितलेले नाही.

‘ते जुने दिवस होते, आता अचूक मोजता येते,’ असे म्हणणाऱ्यांनी जपानकडे पाहावे. १९८७च्या मोजणीत तेथे ६,८५२ बेटे होती. २०२३मध्ये १४,१२५ निघाली. निकष दोन्ही वेळा एकच, किनारा किमान १०० मीटर. समुद्रातून सात हजार बेटे उगवली नाहीत. कागदी नकाशाची जागा सूक्ष्म अंकीय नकाशाने घेतली आणि पूर्वी एकच ठिपका वाटलेले पुंजके सुटे दिसू लागले. १०० मीटरची अट काढली, तर त्याच नकाशावर एक लाख वीस हजारांहून अधिक तुकडे भरतात.

म्हणून सात रंगीत ठिपक्यांचा मुंबईचा तो नकाशा पुन्हा कोणी टाकला, तर मी एवढेच विचारेन: यातली किनाऱ्याची रेघ भरतीची की ओहोटीची?