पायांवर रेझर फिरवताना

लग्नसराईत ब्युटी पार्लरची अपॉइंटमेंट मिळत नाही, वॅक्सिंगला वेळ नसतो आणि गुडघ्यापर्यंतचा नवा ड्रेस कपाटात वाट पाहत असतो. अशा वेळी बाथरूममधला रेझर हातात येतो. पाच मिनिटांत काम होतं, पण दोन दिवसांनी पायांकडे पाहवत नाही. लाल ठिपके, खाज, कुठे सुकलेला काप, कुठे पांढरट कोरडी त्वचा. मग वाटतं, 'माझी त्वचाच शेव्हिंगला चालत नाही.'

हैदराबादला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीलाही असंच वाटत होतं. चुलत बहिणीच्या हळदीच्या सकाळी तिने घाईघाईत पाय शेव्ह केले. घोट्याजवळ कापलं आणि तिसऱ्या दिवशी नडगीभर बारीक फोड उठले. तिने पाच ब्लेडचा महागडा रेझर आणला, तरीही तेच. शेवटी फोन आला, "मावशी, आता कुठला रेझर घेऊ?" मी म्हटलं, "रेझर नंतर बघू. आधी सांग, तू शेव्ह कशी करतेस?"

उत्तर ऐकलं आणि बरंचसं कोडं तिथेच सुटलं. अंघोळीच्या सुरुवातीलाच, पाय जेमतेम ओले करून, अंगाचा साबण चोळून, घोट्यापासून वर गुडघ्याकडे, एकाच जागेवरून तीन-चार वेळा रेझर फिरवायचा. रेझर वर्षभर बाथरूमच्या कोनाड्यात पडलेला आणि ब्लेड दोन महिन्यांपूर्वी बदललेलं. तुमचीही पद्धत अशीच असेल, तर पुढचं वाचा.

आधी त्रास ओळखा

शेव्हिंगनंतरचा प्रत्येक लाल ठिपका सारखा नसतो. रेझर फिरवल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात आग होत असेल आणि त्वचा लाल झाली असेल, तर ती घासली गेली आहे. हा त्रास बहुधा दोन-तीन दिवसांत शमतो. ठिपके एक-दोन दिवसांनी, केस पुन्हा उगवू लागल्यावर उठले असतील, तर कापलेल्या केसाचं टोक त्वचेत वळून रुतलं असण्याची शक्यता जास्त. नीट पाहिलं तर फोडाच्या मध्यभागी कधी कधी केसाची काळी रेघ दिसते. कुरळ्या केसांना हा त्रास अधिक होतो. फोडाच्या टोकावर पू दिसत असेल, तर केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

मांड्यांवर किंवा दंडांवर, शेव्ह केलेली नसतानाही, काट्यांसारखी खरखर कायम असेल तर तो रेझरचा दोष नाही. केसांच्या तोंडाशी मृत त्वचा साचल्यामुळे अनेकांना असं होतं. चांगल्या शेव्हिंग क्रीमने ते जाणार नाही, म्हणून तिच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नका.

पाणी हेच पहिलं प्री-शेव्ह

कोरडा केस चिवट असतो. कोमट पाण्यात तो पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. जोर कमी लागला की ब्लेड त्वचेत कमी रुततं. म्हणून शेव्हिंग अंघोळीच्या शेवटी करा. शॉवर नसला तरी हरकत नाही. टॉवेल कोमट पाण्यात बुडवून तीन-चार मिनिटं पायांवर गुंडाळून ठेवला तरी काम होतं. मात्र अर्धा-पाऊण तास पाण्यात बसू नका. त्वचा फुगून सुरकुतली की शेव्ह नीट होत नाही आणि कापण्याची भीतीही वाढते.

आदल्या रात्री खरबरीत नॅपकिन किंवा मऊ लुफा ओल्या पायांवर हलक्या हाताने गोल फिरवा. मृत त्वचा निघते आणि केसांची टोकं मोकळी होतात. साखर किंवा मिठाचा स्क्रब शेव्हिंगच्या दिवशी नको, आणि शेव्हिंगनंतर तर नकोच.

बाजारात प्री-शेव्ह ऑइल मिळतं. ज्यांची त्वचा फार कोरडी आहे त्यांना त्याचा उपयोग होतो. ओल्या पायावर तीन-चार थेंब पुरतात आणि त्यावर क्रीम लावायची. घरचं खोबरेल भरपूर चोपडून शेव्ह करायला गेलात, तर ब्लेडच्या फटी तेल आणि केसांनी भरतात, ब्लेड नुसतं घसरत राहतं आणि बाथरूमची फरशी निसरडी होते ती वेगळीच.

साबण का नको

अंगाचा साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. साबण त्वचेवरचं तेल काढून घेतो, त्यातच रेझर वरचा पातळ थर खरवडतो. शेव्हिंगनंतर पाय पांढरट का दिसतात, याचं उत्तर इथे आहे. शिवाय साबणाचा फेस पटकन विरतो आणि अर्ध्या पायावर ब्लेड कोरड्या त्वचेवरून जातं.

भाचीच्या इमारतीत बोअरचं जड पाणी येतं. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि त्वचेवर चिकट साका बसतो. फेस येणाऱ्या बऱ्याच शेव्हिंग क्रीमसुद्धा जड पाण्यात मंदावतात. म्हणून तिला मी फेस न येणारी, गंधरहित, ग्लिसरीन असलेली क्रीम वापरायला सांगितली. ती संपली की केसांचं साधं कंडिशनर चालतं. त्याची बुळबुळीत साय ब्लेड आणि त्वचेच्या मध्ये राहते आणि त्याला फेसाची गरजच नसते.

क्रीमचा थर असा हवा की खालची त्वचा दिसू नये. लावल्यावर दोन मिनिटं थांबा. रेझर ज्या पट्ट्यावरून गेला तिथे पुन्हा फिरवायचा असेल, तर आधी पुन्हा क्रीम लावा.

एक गोंधळ मात्र टाळा. दुकानात शेव्हिंग क्रीमच्या शेजारीच हेअर रिमूव्हल क्रीम ठेवलेली असते. ती रसायनाने केस विरघळवते. तिच्यावर रेझर फिरवायचा नसतो. फिरवलात तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. ट्यूबवरचं नाव नीट वाचूनच घ्या.

रेझर कसा निवडाल

जास्त ब्लेड म्हणजे जास्त चांगलं, हा समज भाचीलाही महागात पडला. अनेक ब्लेडच्या रेझरमध्ये एक ब्लेड केस किंचित ओढतं आणि पुढचं तो कापतं. कापलेलं टोक मग त्वचेच्या पातळीखाली जातं. पाय गुळगुळीत लागतात खरे, पण ज्यांचे केस आत वळतात त्यांना त्यामुळेच फोड येतात. शिवाय पाच ब्लेड एकदा फिरवली, तर त्वचा पाच वेळा घासली जाते. फोड येत असतील तर एक किंवा दोन ब्लेडचा रेझर घ्या. डोकं वळणारं असेल तर गुडघा-घोटा सोपा जातो. स्त्रियांसाठीच्या रेझरची मूठ आणि डोक्याचा आकार पायांना सोयीचा असतो. पुरुषांच्या नव्या रेझरनेही पाय शेव्ह होतात, पण घरातल्या दुसऱ्या कुणाचा रेझर कधीच वापरू नका. सूक्ष्म कापातून रक्तावाटे पसरणारे आजार जाऊ शकतात.

ब्लेड पाच ते सात वेळा वापरून बदला. केस ओढला जातोय असं वाटलं, तर त्याआधीच. वापरल्यावर धुवून, झटकून, बाथरूमच्या बाहेर कोरड्या जागी ठेवा. ब्लेड टॉवेलने पुसू नका. धारही बोथट होते आणि बोटही कापतं.

हात कसा चालवाल

पायांवरचे केस बहुतेक खालच्या दिशेने वाढतात. म्हणून रेझर गुडघ्याकडून घोट्याकडे आणा. मांडीवर दिशा बदलते, हात फिरवून आधी अंदाज घ्या. वर नेल्यास पाय अधिक गुळगुळीत होतात, पण फोडांचा धोका वाढतो. रेझरच्या वजनाइतकाच दाब पुरे. बोटभर लांबीचे छोटे हात मारा आणि प्रत्येक वेळी ब्लेड पाण्यात धुवा.

कापतं ते हाडावर. नडगीच्या धारेवर त्वचा थोडी बाजूला ओढून सपाट जागा करा. गुडघा किंचित वाकवा, म्हणजे घड्या उरत नाहीत. घोट्याला पाऊल पुढे ताणा आणि अगदी सावकाश जा.

तरीही कापलंच, तर स्वच्छ कापड तीन-चार मिनिटं न उचलता दाबून धरा. मग हवं तर धुतलेली ओली तुरटी टेकवा. झोंबते, पण बारीक काप लवकर थांबतो. त्यावर थोडी पेट्रोलियम जेली लावा.

शेवटी पाय गार पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा आणि ओलसर असतानाच साधं गंधरहित मॉइश्चरायझर लावा. अल्कोहोल असलेलं आफ्टरशेव्ह, परफ्यूम किंवा लॅक्टिक ॲसिडचं लोशन त्या दिवशी नको. घट्ट लेगिंग्जही शक्यतो दुसऱ्या दिवशी घाला.

भाचीचं काय झालं?

आधी तिला पूर्ण थांबायला सांगितलं. फोड असताना शेव्ह केली की फोडांची डोकीच कापली जातात. तिने रोज दहा मिनिटं कोमट ओला कपडा ठेवला, नखाने किंवा चिमट्याने काहीही उकरलं नाही. दोन आठवड्यांत नडगी साफ झाली. मग दोन ब्लेडचा रेझर, क्रीम आणि खालच्या दिशेने हात. पहिल्या वेळी तिची तक्रार आली, "पूर्वीसारखं गुळगुळीत लागत नाही गं." ते खरंच होतं. फोड नको असतील, तर शेवटचा तो कणभर गुळगुळीतपणा सोडावा लागतो. तिसऱ्या वेळेपर्यंत नडगीवर एकही फोड नव्हता. मांडीच्या मागे दोन-चार येतात, म्हणून ती तिथे शेव्ह करतच नाही. पायांचा कोरडेपणा मात्र अंगाचा साबण बदलल्यावरच गेला.

तिचा शेवटचा प्रश्न तुमच्याही मनात असेल. शेव्हिंगने केस जाड होतात का? नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला टोचतं. मुळाशी काहीच बदलत नाही.

आणि एक महत्त्वाचं. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पायांवर इसब असेल, तर रेझरआधी डॉक्टरांना विचारा. फोडात पू वाढतोय, भोवती लाली पसरतेय, ताप आलाय, तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

येत्या लग्नाआधी एवढं करा. पाय समारंभाच्या सकाळी नाही, आदल्या दिवशी शेव्ह करा. पहिल्यांदाच करत असाल, तर दोन आठवडे आधी एका पायाच्या छोट्याशा पट्ट्यावर करून पाहा. नवी क्रीमही तिथेच लावून बघा. तीन दिवसांत तिथे काही उठलं नाही, तर निर्धास्तपणे तो ड्रेस बाहेर काढा.