पाच साड्या आणि चोवीस मुले

२०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले आणि ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. मोठे नुकसान झाले नाही. पण किल्लारीच्या पट्ट्यात जमीन थोडी हलली तरी माणसे अंथरूण अंगणात टाकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची आठवण ज्यांच्याकडे आहे ते आज आजी-आजोबा झालेत. नातवंडांनी तो भूकंप पाहिलेला नाही, तरी मोठ्यांच्या चेहऱ्यावरची भीती ती लगेच ओळखतात.

अशा दिवसांसाठी शाळेत एक मोठे कापड असावे, असे माझे मत आहे. परदेशात या खेळाला पॅराशूटचा खेळ म्हणतात. मुले गोल उभी राहून कापडाचा काठ धरतात, सगळी मिळून ते वर नेतात, लाटा करतात आणि मधले चेंडू उडवतात. यात कोणी बाद होत नाही. आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराबद्दल २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्रितपणे मार्गदर्शक तत्त्वे काढली. घडलेले एकाच बैठकीत वदवून घेऊ नका, असे त्यांत बजावले आहे, आणि मुलांसाठी सुरक्षित जागा व नेहमीचे खेळ सुचवले आहेत. कापडाच्या खेळात मुलाला काही सांगावेच लागत नाही.

विकत आणायची गरज नाही. पाच जुन्या, हलक्या, दाट विणीच्या साड्या लांबीला लांबी लावून शिवल्या की साधारण साडेपाच मीटरचा चौकोन होतो. सुतीपेक्षा पॉलिस्टर बरे, कारण ते हलके असते आणि हवा धरून ठेवते. चारही कोपरे कापून अष्टकोन करावा, नाहीतर कोपऱ्यातल्या मुलाच्या हातात नुसता लोंबता पदर येतो. काठ दुमडून आत सुतळी घालून शिवावा. असा काठ सुमारे अठरा मीटर भरतो. प्रत्येकाला पाऊण मीटर धरले, तर चोवीस मुले बसतात.

तिसरीच्या वर्गाचे उदाहरण घेऊ. उंच मुले एका बाजूला आली की कापडाला उतार येतो आणि सगळे चेंडू ठेंगण्या मुलांच्या अंगावर घरंगळतात, म्हणून उंच-ठेंगणी आलटून पालटून उभी करावीत. तळवे खाली ठेवून काठ एक-दोनदा गुंडाळून धरायचा. आधी तीन आकडे मोजत वर आणि पाच आकडे मोजत खाली. वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. बाहेर सोडलेला श्वास लांबला की नाडी किंचित मंदावते. मग मध्ये आठ-दहा हलके चेंडू टाकून लाह्या फोडायच्या. मोजे गुंडाळून केलेले चेंडूही चालतात. सुरुवातीला जो तो आपल्या मनाने झटकतो आणि चेंडू नुसते थरथरतात, कारण एकाची लाट दुसऱ्याच्या लाटेला मारते. कापड फार ताणले तरी चेंडू उडत नाहीत. किंचित सैल सोडून एका ठेक्यावर वर नेले, की लाह्या छातीच्या उंचीवर फुटतात. हा ठेका मुलांना स्वतःच सापडू द्यावा. शिक्षकांना धीर धरवत नाही, हे मी पाहिले आहे.

दोन गोष्टी मात्र डॉक्टर म्हणून ठासून सांगतो. काठ मनगटाला गुंडाळू देऊ नये आणि पाच वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर काठ धरायला लावू नये. अचानक हिसका बसला की या वयात कोपराचे हाड जागेवरून सरकते. ओळखायची खूण सोपी आहे. सूज नसते, पण मूल तो हात किंचित वाकवून अंगाशी धरते आणि तळवा वर करू गेले की रडते. तो हात चोळू नये. दवाखान्यात तो बहुतेक वेळा काही मिनिटांत बसतो. अंगणवाडीच्या मुलांसाठी एखादी ओढणी आणि दोन चेंडू पुरेत.

दुसरे, कापड उंच गेल्यावर त्याखालून पळण्याचा आणि ते डोक्यावर घेऊन बसण्याचा प्रकार या खेळात लोकप्रिय आहे. धक्क्यांच्या दिवसांत तो गाळावा. अंगावर काही कोसळण्याचीच भीती ज्या घरात बोलली जाते, तिथल्या मुलाला वरून येणारे कापड गंमत वाटेलच असे नाही. ज्याला काठ धरायचा नाही, त्याला चेंडू वेचायचे काम द्यावे. बहुतेक मुले थोड्या वेळाने आपणच येऊन काठ धरतात.

हा खेळ आताच, साध्या दिवसांत शिकवावा. भेदरलेल्या मुलाला नवा खेळ म्हणजे आणखी एक गोंधळ, ओळखीचा खेळ मात्र सोपा जातो. शाळेत बाकाखाली जाण्याचा सराव होतो तेव्हाच, त्यानंतरची दहा मिनिटे कापडाला द्यावीत.

याला उपचार मात्र समजू नये. महिना उलटला तरी मूल रात्री दचकून उठत असेल, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल किंवा बोलणेच कमी झाले असेल, तर शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आणावे. तिथपर्यंत येणे लगेच जमत नसेल, तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावावा. तो मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.