पनवेलच्या रिक्षा-टॅक्सीवाल्याला गुण देताना

पनवेलमधल्या रिक्षा किंवा टॅक्सीवाल्याबद्दल मत देताना बहुतेक प्रवासी एकच वाक्य लिहितात: माणूस चांगला आहे, किंवा लुटारू आहे. अशा मताचा पुढच्या प्रवाशाला काही उपयोग नाही, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. त्याने भाडे सरळ सांगितले का, तो ठरल्या वेळी आला का, आणि त्याला वाट व ठिकाण माहीत होते का? एकच माणूस भाड्यात अगदी सरळ आणि वेळेत अगदी ढिला असू शकतो. म्हणून तिन्हींचे गुण वेगळे द्यावेत आणि भाड्यापासून सुरुवात करावी, कारण तिथे पडताळा सर्वात सोपा आहे.

मुंबई महानगर क्षेत्रात भाडे परिवहन प्राधिकरण ठरवते. 1 फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे 26 रुपये झाले आणि पुढचा दर किलोमीटरला 17.14 रुपये. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे हेच आकडे 31 आणि 20.66. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत चौथा हिस्सा जास्त. यातली सोयीची गोष्ट फारशी कुणी पाहत नाही. 17.14 ला दीडने गुणले की 25.71 येतात, म्हणजे पूर्णांकात 26. किमान भाडे आणि पुढचा दर हे एकाच हिशोबाचे आहेत. त्यामुळे दीड किलोमीटरच्या पुढे कितीही अंतर असो, किलोमीटर गुणिले 17.14 केले की भाडे मिळते. दरपत्रक मागायचीही गरज उरत नाही.

समजा, कोकणातून येणारी गाडी रात्री एक वाजता पनवेलला पोचली आणि प्रवाशाला खारघरला जायचे आहे. मीटरवर 10 किलोमीटर पडले असे धरू. भाडे 171 रुपये 40 पैसे, त्यावर रात्रीचा चौथा हिस्सा 42 रुपये 85 पैसे, एकूण 214 रुपये. स्टँडवर कुणी 250 मागितले तर तो किती जास्त मागतो आहे हे प्रवाशाला जागेवरच कळते, आणि 450 मागितले तर तेही कळते. दोघांनाही ‘महाग’ म्हणून एकच शेरा देणे अन्यायाचे आहे. पहिला थोडे जास्त मागतो, दुसरा रात्रीच्या अडचणीचा फायदा घेतो. मत लिहिताना मागितलेली रक्कम, अंतर आणि वेळ हे तीन आकडे लिहिले की वाचणारा स्वतः ठरवू शकतो.

मीटर टाकला म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. मीटर पळवलेला असू शकतो. त्याची खूण अशी: गाडी कुठेही न अडकता दीड किलोमीटर होण्याआधीच आकडा 26 च्या वर सरकला, तर काहीतरी चुकते आहे. उतरताना मीटरवरचे किलोमीटर फोनच्या नकाशावरच्या अंतराशी ताडून पाहावेत आणि भाड्याला किलोमीटरने भागावे. उत्तर सतराच्या आसपास आले तर मीटर ठीक. कोंडीत थांबल्याचे पैसेही मीटरमध्ये चढतात, म्हणून कळंबोली सर्कलला ट्रेलरच्या रांगेत पंधरा मिनिटे काढली असतील तर उत्तर मोठे येईल. त्याचा दोष चालकाच्या माथी मारू नये. पडताळा मोकळ्या रस्त्यावरच घ्यावा.

आता मीटर नाकारण्याकडे. परवानाधारक रिक्षाने भाडे नाकारणे मोटार वाहन कायद्यात गुन्हा आहे, आणि तरीही ‘मीटरने नाही, इतके होतील’ हे वाक्य पनवेलकरांना नवे नाही. याचे कारण समजून घेतल्याशिवाय चालकाला नीट गुण देता येत नाहीत. मीटर फक्त प्रवासी बसलेला असतानाचे अंतर मोजतो. रिकामी परतलेली वाट त्यात नसते. स्टेशनच्या रांगेत बराच वेळ उभ्या राहिलेल्या चालकाला जवळचे भाडे मिळाले तर हाती 26 रुपये येतात आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागते. लांबचे भाडे मिळाले, पण परतीला माणूस नसेल, तर निम्मा गॅस स्वतःच्या खिशातून जातो. गावातल्या गावात ही रिकामी वाट भरून निघते, कारण उतरलेल्या ठिकाणीच दुसरा प्रवासी चढतो. पनवेलच्या कडेला, पळस्पे फाट्यापलीकडे किंवा शेडुंगच्या आतल्या गावांत, ती निघत नाही.

कर्नाळ्याचेच उदाहरण घ्यावे. पनवेल स्टेशनपासून अभयारण्याचे दार साधारण 12 किलोमीटर धरले, तर एका बाजूचे मीटरचे भाडे 206 रुपये होते. दारात उतरलेल्या रिक्षाला गोवा महामार्गावर परतीचा प्रवासी मिळण्याची शाश्वती नाही. चालकाने निघण्याआधी ‘दोन्ही बाजूंचे 412 घेईन’ असे सांगितले तर तो मीटरच्या नियमात बसत नाही, पण फसवतही नाही. किंमत उघड आहे आणि नको म्हणायची मोकळीक आहे. उलट 206 वर बसवून कर्नाळ्याला पोचल्यावर रिकाम्या वाटेचे पैसे मागणारा चालक फसवतो, मग त्याची एकूण मागणी 350 च का असेना. प्रामाणिकपणाचे गुण रकमेला नाहीत, ती रक्कम केव्हा सांगितली याला आहेत. स्वस्त आणि प्रामाणिक या दोन शब्दांची गल्लत बहुतेक शेऱ्यांमध्ये होते, आणि त्यात परतीचे पैसे आधीच सांगणारे चालक हकनाक बदनाम होतात.

शेअर रिक्षात हाच पडताळा वेगळ्या रीतीने होतो. तीन सीट भरल्या की गाडी निघते. घाई असलेला प्रवासी ‘स्पेशल’ म्हणून तिन्ही सीटचे पैसे देतो. सीटचे 20 आणि अंतर 3 किलोमीटर असे समजले, तर स्पेशलचे 60 होतात आणि मीटरचे 51. नऊ रुपयांचा फरक सहन होण्यासारखा आहे. चौथा प्रवासी चालकाशेजारी बसवला असेल तर मात्र गुण कापावेत, कारण तिथे पैशापेक्षा जिवाचा प्रश्न येतो.

टॅक्सीने मुंबईला जायचे तर टोल हा वादाचा विषय होतो, आणि त्यातले निम्मे वाद जुन्या माहितीमुळे होतात. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर, म्हणजे वाशीलाही, हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झाला. सायन-पनवेल महामार्गाने दादरला नेऊन वाशीच्या टोलचे पैसे जोडणाऱ्याला प्रवाशाने तिथेच विचारावे. अटल सेतूने गेल्यास मात्र टोल आहे. 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झाले तेव्हा तो कारला एका फेरीचा 250 आणि जाऊन-येऊन 375 ठरला. चालक जाताना आणि येताना 250-250 लावत असेल तर त्याला प्रत्यक्षात किती भरावे लागले हे पाहायला हवे. फास्टॅगमधून रक्कम कापली गेली की संदेश फोनवर येतो. तो दाखवायला खळखळ न करणारा चालक या एका गोष्टीवरच पूर्ण गुण मिळवतो. पुलाने जायचे की वाशीवरून, हेही निघण्याआधी विचारून घेणारा त्याहून बरा.

वेळेबाबत पनवेलची अडचण स्टेशनपासून सुरू होते. पूर्वेला नवीन पनवेल, पश्चिमेला जुने पनवेल, आणि चुकीच्या बाजूला उभी राहिलेली गाडी वेळेवर येऊनही उपयोगाची नसते. ‘कुठल्या बाजूला येऊ?’ हा प्रश्न स्वतःहून विचारणारा चालक अनुभवी असतो. दुसरी खूण कोकण रेल्वेची. पावसाळ्यात या मार्गावर गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि वेळापत्रकच वेगळे लागू होते. प्रवाशाकडून नुसती वेळ विचारणारा चालक जुन्या वेळेवर येऊन ताटकळतो किंवा निघून जातो. गाडीचा नंबर विचारणारा ती कुठवर आली आहे ते पाहून घरून निघतो.

उशिराला दोष देताना उशीर कुठे झाला ते पाहावे. निघायलाच उशीर झाला असेल तर तो चालकाचा. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत पळस्पे ते वडखळ रस्ता भरलेला असतो, तिथे अडकण्याचा दोष त्याचा नाही. मात्र त्या दिवसांत ‘दोन तासांत पेणच्या पुढे नेतो’ असे ठामपणे सांगणाऱ्याचे गुण कापायलाच हवेत, कारण रोज याच रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला ते माहीत असते.

माहितीचा कस माथेरानला लागतो. नकाशात माथेरान पनवेलच्या डोक्यावर दिसते, पण गाडीची वाट नेरळवरून जाते. पनवेलकडच्या धोदाणीहून वर जाते ती पायवाट. शिवाय गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच. पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या रेल्वेने. ‘माथेरानला सोडतो’ म्हणून पैसे ठरवणाऱ्याने दस्तुरीचे नाव घेतले नसेल, तर म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाची गैरसोय होते. कलावंतीणीला जाणाऱ्याला गाडी ठाकूरवाडीपर्यंत नेते, पुढे प्रबळमाचीपर्यंत दीड-दोन तासांची चढण आहे. संध्याकाळी परत कधी निघायचे हे चालकाने सकाळीच सांगितले पाहिजे.

कर्नाळ्याच्या वाटेवर शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तिथे 4 नोव्हेंबर 1845 रोजी झाला, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. गाव आणि किल्ला यांचा हा संबंध सांगणारा चालक भेटला तर त्याचे नाव लक्षात ठेवावे. हा संबंध माहीत नसला तरी चालकाचे गुण कापू नयेत, कारण त्याने गाडी चालवण्याचे पैसे घेतले आहेत. वाटाड्या म्हणून वेगळे पैसे घेणाऱ्याला मात्र हे विचारायलाच हवे. प्रबळमाचीवरच्या वाटाड्यांकडे अशी इतिहासाची माहिती कमी असेल, पण पावसात कुठला दगड निसरडा होतो आणि धुके उतरले की कुठे थांबायचे हे त्यांना पाठ असते. त्यांचे गुण त्यावर द्यावेत, आणि ठरलेले पैसे माणशी होते की सगळ्या गटाचे, हे मत लिहिताना नोंदवावे. वादाची ती एकच जागा उरते, आणि ती वर चढण्याआधी एका वाक्यात मिटवता येते.