उशीर किती, आणि कोणाचा?

शाळेला द्यायची चिठ्ठी आपण सगळेच लिहितो. ओपीडीच्या धामधुमीत, पुढचा पेशंट समोर उभा असताना, केसपेपरच्या मागच्या बाजूला. मजकूरही ठरलेला: 'सदर विद्यार्थी आमच्या विभागात उपचार घेत आहे. त्यास सहा ते आठ आठवडे फिजिओथेरपीची आवश्यकता आहे. कृपया सहकार्य करावे.' खाली सही, शिक्का. गेल्या जूनमध्ये मी अशीच एक चिठ्ठी लिहिली आणि तीन आठवड्यांत तिचा परिणाम पाहिला. या महिन्याचे संपादकीय त्याबद्दल आहे.

मुलगा पाचवीतला. स्पास्टिक डायप्लेजिया, आधाराशिवाय चालतो, पण टाचा टेकत नाहीत. 20 जूनला दोन्ही पोटऱ्यांत बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने झाली. पुढचे गणित वाचकांना ठाऊक आहे. औषधाचा गुण तीन दिवसांपासून आठवड्याभरात दिसू लागतो, काही आठवड्यांत तो पूर्ण भरात येतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. पोटरीचा ताठरपणा उतरलेला असतो त्या दिवसांतच तिला ताण द्यायचा, नडगीपुढच्या स्नायूंना पाऊल उचलायला शिकवायचे आणि स्प्लिंट घालून टाच टेकत चालण्याची सवय लावायची. हे काम दिवाळीच्या सुट्टीवर ढकलता येत नाही, कारण तोवर औषधाचा गुण सरत आलेला असतो. आम्ही 30 जूनपासून आठ आठवडे सोमवार, बुधवार, शुक्रवार असे दिवस ठरवले. वेळ पावणेदहाची.

शाळा साडेदहाची. साडेदहाला सेशन संपायचे, मग बस, मग गेटपर्यंतची चाल. मुलगा सव्वाअकरा-साडेअकराला पोचायचा. पहिल्या आठवड्यात तो तिन्ही दिवस आला, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात एकच. नऊपैकी सहा सेशन झाली. आईला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "शाळा बुडते मॅडम, आणि रोज उठून काय सांगायचं तिथे?"

त्या 'रोज उठून'मध्ये काय काय होते, ते खोदून विचारल्यावर कळले. माझी चिठ्ठी कार्यालयातल्या फाइलला लागली होती. गेटवरच्या शिपाईदादांना तिचा पत्ताच नव्हता. पावणेअकराला गेट बंद होई आणि आईला दर वेळी नव्याने गयावया करावी लागे. आत गेल्यावर मुलाला पहिल्या मजल्यावर मोठ्या बाईंची सही घ्यायला जावे लागे, मग वर्गासाठी आणखी एक मजला. पाठीवर दप्तर, आणि पोटऱ्या नुकत्याच ताणून थकवलेल्या. एकदा तो जिन्यात पडला. हजेरी पहिल्या तासाला होई, त्यामुळे साडेअकराला वर्गात बसूनही तो त्या दिवशी गैरहजर. पहिला तास रोज गणिताचा, म्हणजे आठवड्यात तीन गणिते जात होती आणि एक वर्गचाचणीही हुकली. शिवाय स्प्लिंटवर शाळेचे काळे बूट चढत नाहीत म्हणून तो एक नंबर मोठे पांढरे बूट घालून जायचा आणि गणवेशावरून बोलणी खायचा.

शाळेने छळ मांडला होता, असे मुळीच नाही. वर्गशिक्षिकांना मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "सहकार्य करा असं लिहिलंय मॅडम, पण काय करायचं ते कुठे लिहिलंय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. 'सहकार्य करावे' ही विनंती वाटते, पण तिच्यात कोणी काय करायचे हे नसते. म्हणून कोणीच काही करत नाही आणि सगळा भार आईच्या तोंडी समजावण्यावर येतो. ती दमली की सेशन गळते.

मग मी दुसरी चिठ्ठी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले. 'विद्यार्थी साडेअकरापर्यंत पोचेल' असे लिहिताना कारण द्यायचे होते. ते शोधू लागले. आमची ओपीडी नऊला सुरू होते. मग याची वेळ पावणेदहाची का? कारण दर वेळी केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे आणि शिक्का मारून वर यायचे, यात पाऊण तास जातो, असे आम्ही गृहीत धरले होते. पुढचे आठवडे ठरलेल्या मुलाला रोज नव्या पेशंटसारखे रांगेत उभे करायची काही गरज नव्हती. पहिल्या दिवशीच पुढच्या सगळ्या तारखा केसपेपरवर लिहून द्या, तो थेट विभागात येईल, एवढे खिडकीवर सांगून ठरवले. सोमवारी आणि शुक्रवारी त्याला नऊची वेळ मिळाली. पावणेदहाला मोकळा होऊन तो पावणेअकराच्या आत शाळेत पोचू लागला. परिपाठ हुकतो, पण गणित मिळते. बुधवारी नऊला विभागात दुसरे क्लिनिक असते, त्या दिवशीचा उशीर तसाच राहिला. म्हणजे ज्या उशिरासाठी मी शाळेकडे सहकार्य मागत होते, त्यातला मोठा भाग आमच्या खिडकीवर तयार होत होता.

दुसरी चिठ्ठी अशी होती. नाव आणि इयत्तेनंतरचा मजकूर जसाच्या तसा देते:

'या विद्यार्थ्याच्या पायांवर उपचार सुरू आहेत. दिलेल्या औषधाचा गुण ठरावीक काळच टिकत असल्याने व्यायाम याच आठवड्यांत होणे आवश्यक आहे. 21 जुलै ते 22 ऑगस्ट 2025 या काळात तो सोमवारी व शुक्रवारी 10.50 पर्यंत आणि बुधवारी 11.30 पर्यंत शाळेत पोचेल. 15 ऑगस्टला सेशन नाही. इतर दिवशी तो वेळेवर येईल.

'पुढील गोष्टी व्हाव्यात ही विनंती. एक, सोबतचे कार्ड दाखवल्यावर त्याला गेटवरून थेट वर्गात जाऊ द्यावे. दोन, या दिवशी त्याची हजेरी आल्यानंतर लावावी. तीन, बुधवारी पहिल्या तासाला चाचणी असल्यास ती त्याच दिवशी नंतर किंवा दुसऱ्या दिवशी घ्यावी. चार, स्प्लिंटमुळे त्याला पांढरे बूट चालू द्यावेत. पाच, व्यायामाच्या दिवशी त्याचे पाय थकलेले असतात, म्हणून जिना चढताना सोबतीला एक मुलगा द्यावा आणि त्याला फार वेळ उभे करू नये. खेळाच्या तासाला तो भाग घेऊ शकतो. पळण्याच्या शर्यती या काळात नकोत, बाकी खेळ चालतील.

'25 ऑगस्टपासून तो नेहमीच्या वेळेवर येईल. बदल झाल्यास आम्ही लेखी कळवू.'

खाली विभागाचा फोन आणि तो उचलला जाण्याची वेळ.

यातल्या काही गोष्टींवर थोडे बोलायला हवे. वेळ लिहिताना बस धरून, हातचे राखून लिहावी. 10.35 लिहून 10.50 ला पोचणारा मुलगा दुसऱ्यांदा उशिरा आलेला ठरतो. शेवटची तारीख नक्की लिहावी. 'काही आठवडे' म्हटले की शाळेला ते वर्षभर वाटते. काय चालेल, तेही लिहावे. आपण फक्त बंदी लिहिली तर खेळाचे सर जबाबदारी नको म्हणून मुलाला पायरीवर बसवून ठेवतात. या मुलाला विचारले होते की तुला काय बुडालेले सगळ्यात वाईट वाटते. तो गणित म्हणाला नाही. शुक्रवारचा खेळाचा तास म्हणाला. तो तास दुपारचा, सेशनमुळे बुडतच नव्हता. माझ्या पहिल्या मोघम चिठ्ठीमुळे त्याला बाहेर बसवले जात होते.

चिठ्ठीत निदान नाही, हे लक्षात आले असेल. आईला ते नको होते आणि शाळेला वरच्या पाच गोष्टी करायला त्याची गरजही नव्हती. निदान लिहायचे तर पालकांना विचारून. जिथे सवलत वर्षभराची किंवा परीक्षेतली हवी असते, तिथे ते लिहावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे आणि शाळेने मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी, असे त्याचे 16 वे कलम सांगते. शाळा अडूनच बसली तर हे कलम कामाला येते. पहिल्याच पत्रात ते घातले तर मात्र शाळा सावध होते आणि बोलणे कमी होते.

अर्ज पालकांचाच असावा, आपले पत्र त्याला जोडावे. प्रती तीन काढाव्यात: कार्यालयाला, वर्गशिक्षकांना आणि पालकांना. कार्यालयाच्या प्रतीवर पालकांनी पोच घ्यावी. गेटसाठी दिवस आणि वेळ लिहिलेले छोटे कार्ड वेगळे, त्यावर मुख्याध्यापकांची सही. आमच्या या मुलाच्या बाबतीत सगळ्यात जास्त काम त्या कार्डाने केले. आईला पुन्हा गेटवर बोलावे लागले नाही.

पुढच्या पाच आठवड्यांत 14 सेशन ठरली होती, 13 झाली. चुकले ते पावसात बस अडकल्याने.

एक गोष्ट उलट्या बाजूचीही सांगायला हवी. शाळा बुडवण्याइतकी गरज प्रत्येक मुलाला नसते. कोपराजवळचे साधे फ्रॅक्चर, प्लास्टर निघाले आहे, कोपर थोडे आखडले आहे, अशा बहुतेक मुलांची हालचाल खेळता-खेळता काही आठवड्यांत परत येते. त्यांना घरचे व्यायाम शिकवून पंधरा दिवसांनी बोलवावे. आठवड्यातून तीनदा सकाळी बोलवण्याचे कारण आपल्याला पालकांपुढे दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर शाळेलाही ते पटणार नाही, आणि पटूही नये. माझ्या पहिल्या चिठ्ठीत कारण नव्हते, कारण मी ते शब्दांत मांडून पाहिलेच नव्हते.

तेव्हा वाचकांना विनंती इतकीच, की शाळेत जाणाऱ्या मुलाचे सेशन ठरवण्याआधी त्याच्या शाळेचे वेळापत्रक मागून घ्या. ते आपल्या अपॉइंटमेंटच्या वहीशेजारी ठेवा आणि मगच वेळ लिहा. आमच्या विभागात ऑगस्टपासून सोमवारच्या आणि शुक्रवारच्या नऊच्या वेळा शाळकरी मुलांसाठी राखून ठेवल्या आहेत. बुधवारचा प्रश्न अजून सुटलेला नाही.