‘नेट पे’ला बाराने गुणू नका



हल्ली स्थळांच्या बायोडाटात शिक्षणाच्या खाली एक ओळ हमखास असते : पॅकेज इतके लाख. मुलगा असो वा मुलगी, ती ओळ सगळे आधी वाचतात. मग कुणीतरी शहाणा म्हणतो, पॅकेज नको, हातात किती येतात ते सांगा. तिकडून व्हॉट्सअॅपवर पगारपत्रकाचा स्क्रीनशॉट येतो. घरातले सगळे मान खाली घालून शेवटचा ‘नेट पे’चा आकडा पाहतात, मोबाईलवरच त्याला बाराने गुणतात आणि झाले, वर्षाचा पगार ठरला. घराच्या कर्जाचा हप्ता झेपेल का, हेसुद्धा याच गुणाकारावर ठरवणारी घरे आपल्या नंदुरबारात मला ठाऊक आहेत.

माझे स्पष्ट मत आहे की पॅकेजचा आकडा जितका फसवा, तितकाच हा गुणाकारही फसवा. खरे काय ते स्लिपच्या मधल्या भागात, कपातीच्या रकान्यात असते, आणि ते वाचायला सीए लागत नाही. आठवी-नववीचे शेकडेवारीचे गणित पुरते.

माझी एक भाची पुण्याला नोकरी करते. तिने जुलै २०२५ च्या पगाराचा स्क्रीनशॉट पाठवला आणि विचारले, ‘मावशी, नऊ लाख साठ हजारांचं पॅकेज आहे, मग हातात साठच कसे?’ तिच्या परवानगीने ते आकडे इथे देते. बेसिक ३२,०००, घरभाडे भत्ता १६,०००, स्पेशल अलाउन्स २२,०००, म्हणजे ग्रॉस ७०,०००. कपातीत पीएफ ३,८४०, प्रोफेशनल टॅक्स २००, टीडीएस ५,२६८. नेट पे ६०,६९२.

आधी पॅकेजचे कोडे सोडवू, ते सोपे आहे. महिन्याला ७०,००० म्हणजे वर्षाला ८,४०,०००. पॅकेजमधले उरलेले १,२०,००० कुठे गेले? कंपनी स्वतःच्या वाट्याचा पीएफ भरते ते ४६,०८०, ग्रॅच्युइटीच्या नावाने मांडलेले १८,४७०, विम्याचा हप्ता ५,४५०, आणि कामगिरी चांगली झाली तर वर्षअखेर मिळणारे ५०,०००. यातला एकही रुपया दरमहा हातात येत नाही. ग्रॅच्युइटी तर साधारण पाच वर्षे टिकल्याशिवाय मिळतच नाही, तरी ती पॅकेजमध्ये मोजलेली असते. म्हणून वर्षाच्या हिशेबाला ८,४०,००० पासूनच सुरुवात करायची.

आता कपाती. पीएफचा नियम असा की बेसिक आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिचे १२ टक्के. ३२,००० चे १२ टक्के ३,८४०, आकडा बरोबर. तुमच्या मुलाच्या स्लिपवर बेसिक ३२,००० असूनही पीएफ फक्त १,८०० दिसला तर लगेच कंपनीला नावे ठेवू नका. कायद्यातली वेतनमर्यादा १५,००० आहे आणि तिचे १२ टक्के १,८०० होतात. तेवढ्यावरच पीएफ कापायची कंपनीला मुभा आहे. शंका कधी घ्यायची? बेसिक मुद्दाम आठ-नऊ हजारांवर ठेवले आहे, बाकी सगळा पगार भत्त्यांत दाखवला आहे आणि पीएफ त्या छोट्या बेसिकवरच कापला आहे, तेव्हा. जे भत्ते सगळ्यांना सरसकट मिळतात ते पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ ला दिलेला आहे.

स्लिपवर पीएफ कापलेला दिसला म्हणजे तो भरला गेला, असे मात्र होत नाही. स्लिप कंपनीच छापते. भरणा झाला की नाही ते ईपीएफओच्या पासबुकात दिसते, आणि ते यूएएन क्रमांकाने मोबाईलवर उघडता येते. जुलैच्या पगाराचा पीएफ १५ ऑगस्टपर्यंत भरायचा असतो, नोंद दिसायला आणखी थोडे दिवस जातात. दोन महिने उलटूनही ओळ आली नाही तर कंपनीला लेखी विचारायचे. कामगाराच्या पगारातून कापून घेऊन न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे, हे मुलांना माहीत असावे.

भाचीने पासबुक उघडले आणि पुन्हा घाबरली. तिचे ३,८४० बरोबर होते, पण कंपनीच्या वाट्यात २,५९० च! तिला वाटले कंपनीने १,२५० खाल्ले. ते खाल्लेले नव्हते. शेजारच्या पेन्शनच्या रकान्यात होते. कंपनीच्या हिश्श्यातून १५,००० च्या ८.३३ टक्के, म्हणजे १,२५०, पेन्शन योजनेत जातात. तिची पहिली नोकरी तेरा-साडेतेरा हजार बेसिकची होती, त्यामुळे ती पेन्शनची सभासद झाली आणि पुढे पगार वाढला तरी राहिली. ज्यांची पहिलीच नोकरी सप्टेंबर २०१४ नंतर पंधरा हजारांहून जास्त बेसिकवर लागली, त्यांच्या पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य हवा आणि कंपनीचे पूर्ण ३,८४० पीएफमध्ये हवेत. तिथे चुकून १,२५० जात असतील तर आताच दुरुस्त करून घ्या. पैसे काढायच्या वेळी हीच चूक आडवी येते.

प्रोफेशनल टॅक्स छोटा, पण गुणाकार चुकतो तो त्याच्यामुळेही. महाराष्ट्रात अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. आपल्याकडची कितीतरी मुले सुरतेला कामाला आहेत. त्यांच्या स्लिपवर बाराही महिने २०० च दिसतील, कारण गुजरातचा नियम वेगळा. आणि महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला हा कर लागतच नाही. आपल्या कुणाच्या सुनेच्या वीस-बावीस हजारांच्या पगारातून तो कापला जात असेल तर अवश्य विचारा.

मला खरा खटकला तो टीडीएस. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत पगारदाराला आधी ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. ८,४०,००० मधून ती गेली की उरतात ७,६५,०००. करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे फक्त पगार असलेल्या माणसाला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. मग आठ लाख चाळीस हजारवालीच्या पगारातून दरमहा ५,२६८ का कापले जात होते?

इथे उलटे गणित करायचे. ५,२६८ गुणिले बारा म्हणजे सुमारे ६३,२००. आता जुन्या करपद्धतीने मांडून पाहा. ८,४०,००० मधून प्रमाणित वजावट ५०,०००, प्रोफेशनल टॅक्स २,५०० आणि तिचा स्वतःचा पीएफ ४६,०८० वजा केला की ७,४१,४२० उरतात. पहिल्या अडीच लाखांना कर नाही, पुढच्या अडीच लाखांवर ५ टक्के म्हणजे १२,५००, उरलेल्या २,४१,४२० वर २० टक्के म्हणजे ४८,२८४. बेरीज ६०,७८४, त्यावर ४ टक्के उपकर धरून ६३,२१५. बाराने भागा : ५,२६८. रुपयाला रुपया जुळला.

म्हणजे कंपनीने हिशेब चुकवला नव्हता. भाचीच्या खात्यावर जुनी पद्धत निवडलेली होती. नवी पद्धत आता आपोआप लागू असते, जुनी हवी तर सांगावी लागते. एप्रिलमध्ये ऑफिसातल्या कुण्या सीनियरने ‘जुन्यात पीएफची वजावट मिळते, तीच घे’ असा सल्ला दिला आणि तिने टिचकी मारली. सल्ला देणाऱ्याचा पगार किती, त्याच्या घरकर्जाचे व्याज किती, हे तिने विचारले नाही. वजावट मिळते हे खरेच, पण तिला नव्या पद्धतीत कर शून्य होता, आणि शून्यापेक्षा कमी कर कोणी लावत नाही.

आता दोन्ही वार्षिक आकडे शेजारी ठेवा. जुन्या पद्धतीने वर्षभर हातात आले असते ७,२८,२०४. नव्या पद्धतीने ८,४०,००० वजा ४६,०८० वजा २,५०० म्हणजे ७,९१,४२०, महिन्याला साधारण ६६,०००. (जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीचे काही किरकोळ रुपये कापले जातात, ते मी धरलेले नाहीत.) आणि जो ४६,०८० चा पीएफ वजा केला तो खर्च नव्हे, ती तिचीच शिल्लक आहे. घरखर्चाच्या हिशेबात तो धरू नका, पण मुलगी काय कमावते या हिशेबात जरूर धरा.

स्क्रीनशॉट मागवताना दोन गोष्टी पाहा. मुले फक्त आकड्यांचा तुकडा कापून पाठवतात. वरची पट्टी हवीच, कारण महिना आणि किती दिवसांचा पगार ते तिथे असते. बिनपगारी रजेचे तीन दिवस असतील तर तो महिना गुणाकाराच्या कामाचाच नाही. त्याच स्लिपवर YTD असा रकाना असेल तर उत्तम, त्यात एप्रिलपासूनची बेरीज असते. दुसरे, पॅन, यूएएन आणि बँक खात्याचा क्रमांक झाकल्याशिवाय स्लिप कोणत्याही ग्रुपवर, स्थळांच्या तर नाहीच नाही, टाकू देऊ नका.

भाचीने कंपनीला मेल केला. ऑगस्टचा पगार तोवर तयार झाला होता, सप्टेंबरपासून कपात थांबली. एप्रिल ते ऑगस्टचे पाच हप्ते, २६,३४०, सरकारजमा झालेले आहेत. ते कंपनी परत देत नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये फॉर्म १६ आला की जुलैअखेरच्या मुदतीत नव्या पद्धतीने विवरणपत्र भरून परतावा मागायचा. ती रक्कम तिच्या पॅनवर जमा आहे का, ते २६एएस मध्ये दिसते. फक्त तिथे नोंद तिमाहीने येते : एप्रिल ते जूनची कंपनीने ३१ जुलैपर्यंत विवरण भरल्यावर, जुलै-ऑगस्टची ३१ ऑक्टोबरनंतर. पहिले तीन हप्ते, १५,८०४ रुपये, तिला दिसले आहेत. उरलेले १०,५३६ नोव्हेंबरात पाहायचे, असे तिने कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.