शब्दांची यादी आणि एक आडनाव

हेमंत गोडसे २०१४ साली नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्यसभेतील एका चर्चेत ‘गोडसे’ हा शब्द उच्चारला गेला आणि तो कामकाजातून काढून टाकण्यात आला. हा शब्द पूर्वीच असंसदीय ठरवून यादीत नोंदवलेला होता. गांधीहत्या करणाऱ्या नथुरामाचे नाव सभागृहात गौरवाने किंवा चिथावणीसाठी येऊ नये, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा होता. परंतु यादीत नोंदले गेले ते आडनाव. महाराष्ट्रात असंख्य कुटुंबांचे हे आडनाव आहे आणि त्या दिवशी ते संसदेच्या एका सदस्याचेही होते. त्यांनी पीठासीन अधिकाऱ्यांना पत्र लिहून दाद मागितली. २०१५ च्या एप्रिलमध्ये लोकसभेच्या अध्यक्षा सुमित्रा महाजन यांनी निर्णय दिला, की नुसते ‘गोडसे’ हे आडनाव असंसदीय नाही. ‘नथुराम गोडसे’ हा उल्लेख मात्र यादीत राहील.

या प्रसंगातून अशा याद्यांचे स्वरूप उलगडते. यादी अगोदर आणि मनाई नंतर, असा क्रम येथे नसतो. सदस्य बोलतो, कुणीतरी हरकत घेतो आणि अध्यक्ष निवाडा देतात. लोकसभेच्या नियम ३८० नुसार बदनामीकारक, अशिष्ट, असंसदीय किंवा सभागृहाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे शब्द काढून टाकण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. नियम ३८१ नुसार त्या जागी इतिवृत्तात फुल्या पडतात आणि अध्यक्षांच्या आदेशावरून मजकूर वगळल्याची टीप येते. सचिवालय अशा निवाड्यांचे संकलन करते. म्हणजे ही यादी कायद्याच्या कलमांसारखी नसून जुन्या निवाड्यांच्या वहीसारखी आहे. दोष असतो तो वाक्यात. वहीत मात्र सुटा शब्द उरतो. वाक्यापासून तुटलेला शब्द मग निरपराध माणसालाही लागू होतो.

इतर देशांत ही वही वेगवेगळ्या रीतीने ठेवली गेली. ब्रिटनच्या संसदेत अधिकृत यादीच नाही. अध्यक्ष प्रसंग पाहून ठरवतात. तेथील एक ठळक अट अशी: सहसदस्याला खोटारडा म्हणायचे नाही. २०२१ च्या जुलैमध्ये डॉन बटलर यांनी पंतप्रधान खोटे बोलले असे म्हटले, शब्द मागे घेण्यास नकार दिला आणि त्यांना त्या दिवसापुरते सभागृहाबाहेर जावे लागले. आयर्लंडमध्ये यादी होती, तरी ती अपुरी पडली. २००९ च्या डिसेंबरात एका सदस्याने सभागृहात अत्यंत अश्लील शिवी हासडली, तेव्हा असे आढळले, की तो शब्द यादीत नव्हताच! न्यूझीलंडच्या नोंदी मात्र वाचनीय आहेत. १९४९ सालच्या एका नोंदीत प्रतिस्पर्ध्याचा मेंदू शेंगदाण्याच्या टरफलात हजार वर्षे फिरला तरी कडेला लागणार नाही, असा टोमणा आहे. त्यातला एकही शब्द अशिष्ट नाही. अपमान आहे तो संपूर्ण रचनेत. तेथे रचना आणि वर्ष दोन्ही जपल्यामुळे हरकत कशाला होती, हे आजच्या वाचकालाही कळते.

आपल्याकडे २०२२ च्या जुलैमध्ये लोकसभा सचिवालयाची पुस्तिका प्रसिद्ध झाली, तेव्हा ‘जुमलाजीवी’, ‘बालबुद्धी’, ‘शकुनी’, ‘जयचंद’ अशा नोंदींवरून मोठा वाद झाला. अध्यक्ष ओम बिर्ला यांनी कोणत्याही शब्दावर बंदी नसल्याचे स्पष्ट केले, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरे होते. तरीही विरोधकांची भीती निराधार म्हणता येणार नाही. ‘शकुनी’ म्हणजे कपटी सल्लागार, ‘जयचंद’ म्हणजे फितूर. हे शब्द शिवीपेक्षा आरोपाचे काम करतात. शिवी काढल्याने चर्चेचे काही बिघडत नाही. आरोप काढला, तर सरकारला कोणत्या कारणासाठी जाब विचारला गेला, हेच पुढच्या पिढीला इतिवृत्तातून कळणार नाही.

म्हणून माझ्या मते प्रश्न यादी असावी की नसावी हा नाही. यादीत प्रत्येक शब्दाबरोबर पूर्ण वाक्य, तारीख आणि हरकतीचे कारण असावे. आणि अध्यक्षांनी व्यक्तीचा अपमान करणारे शब्द व कृतीवरील कठोर आरोप यांत भेद करावा.

फुलसावंगीच्या ग्रामसभेला अशी यादी नाही. तेथे ‘खोटे बोलता’ असे कुणी म्हटले, तरी प्रोसिडिंगमध्ये बहुधा ठरावच उतरतो. भांडण गावाच्या आठवणीत राहते. संसदेचे तसे नाही. तेथील शब्द नोंदीसाठीच उच्चारले जातात. फुल्यांच्या जागी काय होते, हे विचारण्याचा अधिकार वाचकालाही असला पाहिजे.