‘रिक्वायरमेंट गोळा केल्या’, पण कोणाकडून?

या आठवड्यात माझ्यासमोर दोन कागद आहेत. एक आहे पुण्यातल्या एका वित्त कंपनीची बिझनेस ॲनालिस्टच्या जागेची जाहिरात. दुसरा आहे नाशिकच्या एका वाचक मुलीचा रेझ्युमे. तिला साडेचार वर्षांचा अनुभव आहे आणि तोही कर्जवाटपाच्या सॉफ्टवेअरमधला, म्हणजे जाहिरातीला हवा तोच. तरीही तिला मुलाखतीचं बोलावणं आलं नाही आणि ‘कुठे कमी पडले?’ असं तिने विचारलं आहे.

कामात ती कमी पडलेली नाही. मात्र तिच्या रेझ्युमेत तिचं काम दिसतच नाही. हे कसं घडतं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण बिझनेस ॲनालिस्टचे माझ्याकडे येणारे बहुतेक रेझ्युमे याच ठिकाणी अडतात.

आधी जाहिरात वाचू. रिक्वायरमेंट, स्टेकहोल्डर आणि डॉक्युमेंटेशन हे तीन शब्द या पदाच्या जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतात. त्यामुळे ते तेवढे पाहून काही कळत नाही, त्यांच्या आजूबाजूला काय लिहिलंय ते पाहावं लागतं. या जाहिरातीत ‘स्टेकहोल्डर’च्या आधी ‘परस्परविरोधी अपेक्षा असलेले’ असं विशेषण आहे. ‘कम्प्लायन्स’ हा शब्द तीन वेगवेगळ्या ओळींत आला आहे. डॉक्युमेंटेशनमध्ये बीआरडी आणि युजर स्टोरींसोबत ‘ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स अद्ययावत ठेवणे’ असं स्पष्ट म्हटलं आहे. या तिन्हींवरून कंपनीची गरज ओळखता येते. तिथे विक्री विभाग आणि नियमपालन विभाग यांच्यात ओढाताण आहे, बदल रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमुळे होतात आणि ‘हा नियम सिस्टीममध्ये नेमका कुठे बसवलाय?’ या ऑडिटच्या प्रश्नाला कोणीतरी उत्तर द्यायचं आहे. हे काम करणारा माणूस त्यांना हवा आहे.

आता रेझ्युमे. संबंधित तीन ओळी अशा आहेत: ‘बिझनेस युजर्सशी समन्वय साधून रिक्वायरमेंट गॅदरिंग केले.’ ‘विविध स्टेकहोल्डर्सचे व्यवस्थापन केले.’ ‘बीआरडी, एफआरडी, युजर स्टोरी, यूज केस, प्रोसेस फ्लो, आरटीएम तयार केले.’

यातला एकही शब्द खोटा नाही. जाहिरातीतले शब्द आल्यामुळे सॉफ्टवेअरच्या छाननीतूनही ओळी पुढे सरकतील. अडचण त्या ओळी माणसाने वाचल्यावर येते. अशा ओळी कोणत्याही बिझनेस ॲनालिस्टच्या रेझ्युमेत जशाच्या तशा चिकटवता येतात. मी एक साधी कसोटी लावतो. ओळीत माहिती देणारा माणूस दिसतो का, न पटलेली गोष्ट दिसते का, लिहिलेल्या कागदाचं पुढे काय झालं ते दिसतं का? इथे तिन्हींची उत्तरं नकारार्थी आहेत.

म्हणून मी तिला फोन केला आणि म्हटलं, रेझ्युमे बाजूला ठेवा, एका प्रकल्पात काय घडलं तेवढं सांगा.

तिने ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’चा प्रकल्प सांगितला. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी एक परिपत्रक काढलं. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या रिटेल आणि एमएसएमई मुदत कर्जासाठी कर्जदाराला ठरलेल्या नमुन्यात हे पत्रक द्यावं लागतं. व्याजाबरोबर सगळे शुल्क धरून येणारा वार्षिक दर त्यात असतो. पत्रकात न दाखवलेलं शुल्क नंतर कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. कर्जाची मुदत ७ दिवस किंवा जास्त असेल, तर हे पत्रक किमान ३ कामकाजाचे दिवस वैध राहतं. त्या अवधीत कर्जदाराने होकार दिला, तर कर्ज देणारी संस्था पत्रकातल्या अटींना बांधलेली असते.

कंपनीतल्या बैठकीत या शेवटच्या तरतुदीवरून वाद झाला. कम्प्लायन्सचं म्हणणं होतं की ३ दिवस उलटल्याशिवाय कर्जवाटप करू नये, म्हणजे धोका नाही. विक्री विभाग म्हणाला, आमचं सगळं गिऱ्हाईक ‘आज अर्ज, आज पैसे’ यावर येतं, ३ दिवस थांबलो तर ते दुसरीकडे जाईल. ‘३ दिवसांचा लॉक टाका’ अशी रिक्वायरमेंट जवळपास लिहूनही झाली होती. या मुलीने परिपत्रकाचा मूळ मजकूर दोन्ही विभागांसमोर ठेवला. ३ दिवस हा कर्जदाराला विचार करायला मिळणारा वेळ आहे, कंपनीने थांबून राहण्याचा काळ नव्हे. कर्जदार पहिल्या तासातही होकार देऊ शकतो. फक्त त्याने वेळ घेतला, तर त्या वेळात कंपनीला अटी बदलता येत नाहीत. कम्प्लायन्सच्या प्रमुखांनी हे वाचून लेखी मान्यता दिली आणि लॉक रद्द झाला.

खरी मोलाची गोष्ट त्यानंतर घडली. ती एका शाखेत ऑपरेशन्सच्या कर्मचाऱ्याशेजारी बसून अर्ज कसे पुढे जातात ते पाहत होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं की व्याजदराचा तक्ता बदलला की सिस्टीम रात्री सगळ्या प्रलंबित प्रस्तावांचा हप्ता नव्याने मोजते. पत्रक देऊन झालेले पण होकार न आलेले प्रस्तावही त्यात येत. म्हणजे कर्जदाराच्या हातात एक दर आणि सिस्टीममध्ये दुसरा. हे कोणत्याही बैठकीत कोणीही सांगितलं नव्हतं. विक्रीवाल्यांना माहीत नव्हतं, कम्प्लायन्सला दिसत नव्हतं आणि शाखेतल्या माणसाला ती रोजची, सांगण्याजोगी नसलेली गोष्ट वाटत होती. मुलाखती आणि बैठकांतून न येणारी रिक्वायरमेंट प्रत्यक्ष काम पाहिल्यावर येते, त्याचं हे नेमकं उदाहरण आहे. ते घडवलेल्या मुलीच्या रेझ्युमेत मात्र फक्त ‘समन्वय साधून’ एवढंच आहे.

मग तिने ते लिहिलं कसं? तिची युजर स्टोरी छोटी होती, पण स्वीकृतीचे निकष भक्कम होते. पत्रक दिल्यानंतर वैधतेच्या काळात दराचा तक्ता बदलला, तरी त्या प्रस्तावाचा दर, शुल्क आणि हप्ता तोच राहील. वैधता संपल्यावर होकार आला, तर नवं पत्रक दिल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी दिलेल्या पत्रकाचे ३ दिवस कसे मोजायचे, पत्रक दिलेला दिवस धरायचा का, सुट्ट्यांची यादी मुख्य कार्यालयाची की शाखेच्या राज्याची, हे प्रश्न तिने कम्प्लायन्सकडे लेखी पाठवले आणि उत्तरं निकषांमध्येच घातली. ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्समध्ये परिपत्रकाच्या प्रत्येक तरतुदीसमोर तिची स्टोरी आणि तिची चाचणी असा दुवा होता. यूएटीमध्ये गुरुवारी पत्रक आणि शुक्रवारी दरबदल अशी चाचणी तिने मुद्दाम ठेवली, कारण एरवीच्या चाचण्यांत दर बदलतच नाही.

हे ऐकल्यावर रेझ्युमेतल्या ओळी आम्ही पुन्हा लिहिल्या. रिक्वायरमेंटची ओळ अशी झाली: ‘की फॅक्ट्स स्टेटमेंटच्या अंमलबजावणीसाठी परिपत्रकाचं वाचन, विक्री व कम्प्लायन्सच्या मुलाखती आणि शाखेतलं निरीक्षण यांतून रिक्वायरमेंट निश्चित केल्या, पत्रक दिल्यानंतरही प्रस्तावाचा दर बदलत असल्याची त्रुटी निरीक्षणातून शोधली.’ स्टेकहोल्डरची अशी: ‘३ दिवसांच्या वैधतेच्या अर्थावरून विक्री आणि कम्प्लायन्समधला मतभेद मूळ तरतुदीच्या आधारे सोडवला, कम्प्लायन्सची लेखी मान्यता घेतली.’ डॉक्युमेंटेशनची अशी: ‘परिपत्रकातील तरतूद ते स्टोरी ते चाचणी असा ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स यूएटीपर्यंत सांभाळला.’

‘रिक्वायरमेंट’, ‘स्टेकहोल्डर’, ‘ट्रेसेबिलिटी’ हे जाहिरातीतले शब्द आम्ही काढले नाहीत. छाननीसाठी ते लागतातच. सहा कागदपत्रांची यादी मात्र गेली. बीआरडी आणि युजर स्टोरी दोन्ही लिहिल्या म्हणणाऱ्याला मुलाखतीत पहिला प्रश्न येतो तो एकातून दुसरी कशी निघाली याचा. ज्याची यादी लांब असते तो बहुधा तिथेच अडखळतो.

तिला शेवटी ‘प्रक्रियेचा वेळ ३० टक्क्यांनी कमी केला’ असंही घालायचं होतं. कुठल्याशा नमुन्यात तिने ते पाहिलं होतं. मी नको म्हटलं. तिच्या कंपनीत तो वेळ आधी कोणी मोजलाच नव्हता. ‘आधी किती होता आणि कसा मोजला?’ एवढं विचारलं की असा आकडा कोसळतो, आणि त्याच्यासोबत वरच्या खऱ्या ओळींवरचा विश्वासही जातो. जिथे मोजमाप नाही तिथे काय ठरलं आणि काय बदललं ते लिहावं. कंपनीचे अंतर्गत आकडे, ग्राहकांची माहिती आणि सिस्टीमचे तपशील गोपनीयतेच्या कराराखाली असतात, तेही लिहू नयेत. परिपत्रक सार्वजनिक आहे आणि आपण काय केलं हे आपलं आहे. तेवढ्यात रेझ्युमे पुरेसा उभा राहतो.

एक उणीव मात्र लपवता येणार नाही. जाहिरातीत जोखीम विभागाबरोबरच्या कामाचा उल्लेख आहे आणि तिचा त्या विभागाशी कधी संबंध आला नाही. क्रेडिट पॉलिसीचे नियम, स्कोअरची मर्यादा, अपवादाला मंजुरी देणारी साखळी हे तिने दुसऱ्याच्या कागदावर पाहिलं आहे, स्वतः लिहिलेलं नाही. ती ओळ कोरीच ठेवायला मी सांगितलं. तीनपैकी दोन विभागांचा पक्का अनुभव दाखवणारा रेझ्युमे बोलावण्यासाठी पुरतो. तिसऱ्याचा खोटा उल्लेख ते बोलावणं घालवतो.

ज्यांना आपला रेझ्युमे या स्तंभासाठी पाठवायचा आहे त्यांना एकच विनंती. सोबत ज्या जागेसाठी अर्ज केला तिची पूर्ण जाहिरात पाठवा, आणि एका प्रकल्पात कोणाचं कोणाशी पटत नव्हतं व ते कसं सुटलं हे वेगळ्या कागदावर अर्ध्या पानात लिहा. रेझ्युमेच्या आधी मी ते अर्धं पान वाचेन.